पहिलं नाव पोराचं

आबा शिंगे बँकेत आले की सगळ्या शाखेला कळतं. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सगळी हयात गेली, भट्टीच्या आणि मशिनीच्या आवाजानं कान गेले, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाच येत नाही असं समजून हा माणूस बोलतो. दारातूनच ओरडणार, "जयभीम मॅडम! बँक उघडी हाय न्हवं?" आता बँक उघडी नसती तर हे आत कसे आले असते? पण हे त्यांना विचारायची सोय नाही. रांगेतले लोक हसतात. आबाही हसतात. हातांवर कोपरापर्यंत लोखंडाच्या रसाचे पांढरे डाग. ते मिरवत काउंटरवर हात ठेवून उभे राहतात.

मी रूपाली. कसबा बावड्याच्या या शाखेत अधिकारी आहे. माझं तोंड फाटकं आहे असं आमच्यातले सगळे म्हणतात, ते खरंच आहे. पण आबांच्या बाबतीत मी जे बोलायचं ते वेळेवर बोलले होते, एकदा नाही, दोनदा बोलले होते. तरीही जे व्हायचं ते झालंच. म्हणून हे लिहायला बसले. कुणावर राग काढू हेच मला अजून कळत नाही.

आबा मूळचे कुरुंदवाडचे. शाळेत चार इयत्ता बसले तेवढेच. त्या शाळेची एक गोष्ट त्यांनी मला पासबुक भरून घेता घेता सांगितली होती. मास्तर हजेरी घ्यायचे ती आडनावाच्या अक्षरानं. पण यांच्या वस्तीतली पोरं मात्र सगळी शेवटी. "आमचं अक्षर कुठलं बी असू द्या मॅडम, नाव शेवटालाच. शेवटाला वरडायचं, हजर! तवर मास्तर वही मिटून उटल्याला." हे सांगतानाही ते हसत होते. मला हसू आलं नाही.

त्या माणसानं मग मनाशी काहीतरी बांधून घेतलं असावं. मुलगा झाला, त्याचं नाव प्रसेनजीत ठेवलं. आणि तिथून पुढं घरातल्या प्रत्येक गोष्टीवर पहिलं नाव त्याचं. फाटकावर पाटी, तिच्यावर वर प्रसेनजीत आबा शिंगे, खाली त्याची डिग्री, आणि अगदी खाली, रंग उरला म्हणून लिहावं तसं, आबांचं नाव. साक्षीच्या, म्हणजे धाकट्या लेकीच्या लग्नपत्रिकेतसुद्धा निमंत्रक म्हणून पहिलं नाव भावाचं. तेव्हा तो पुण्यात शिकत होता आणि लग्नाला अर्धा दिवस येऊन गेला होता.

आबा निवृत्त झाले तेव्हा फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे घेऊन आले. फॉर्म मी भरत होते.

"नाव सांगा. पहिलं तुमचं, दुसरं मुलाचं ना?"

"न्हाय न्हाय! पयलं प्रसेनजीत. दुसरं माजं."

"अहो काका, पैसे तुमचे. तुम्ही साठीचे. पहिलं नाव ज्येष्ठ नागरिकाचं असलं की ठेवीवर अर्धा टक्का जास्त व्याज मिळतं. मुलाचं नाव पुढं घातलं की ते गेलं."

"जाऊ द्या की अर्धा टक्का! अर्ध्या टक्क्यानं काय माडी बांदनार हाय का मी?" सगळी शाखा ऐकत होती. "आमी शेवटाला लई उभं ऱ्हायलो. आता पोरगं पयलं पायजे."

म्हणतील तसं लिहिलं. ठेव आणि तिच्या जोडीचं बचत खातं, दोन्हींवर पहिला खातेदार प्रसेनजीत, दुसरे आबा, दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकेल अशी सोय. आबांना एटीएम कार्ड मिळालं. पेन्शनचं खातं तेवढं नियमानं एकट्याच्या नावावर ठेवावं लागलं, तर तिथंही हुज्जत घातलीच. "ह्येच्यावर बी पोराचं पयलं न्हाय घालता येत?" मी म्हटलं, पेन्शन तुमची आहे हो, पोराची नाही. ती पेन्शन तरी केवढी? महिन्याचा गॅस आणि दूध भागलं तर नशीब.

मधल्या काळात काकू गेल्या. प्रसेनजीत कंपनीतर्फे नेदरलँडला गेला, आणि तिथलाच झाला. आबा विमानतळावर सोडायला गेले होते. येऊन मला सगळं सांगितलं. विमानात सगळ्यात पुढं बसायला मिळालं का, हे त्यांनी मुलाला फोनवर विचारलं होतं.

आणि मग एक दिवस ते पत्र आलं.

कुरियरनं आलेलं जाड पाकीट, वर शाखा व्यवस्थापकांचं नाव. आमचे मॅनेजर विश्वजित, वयानं माझ्याहून लहान, पण सर म्हणावं लागतं. त्यांनी पाकीट माझ्याकडं सरकवलं. पत्र इंग्रजीत होतं, आणि खरं सांगते, त्यात खोट काढायला जागा नव्हती. मी नोकरीसाठी भारत सोडून परदेशी राहायला आलो आहे, परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणं मला आता निवासी बचत खातं ठेवता येत नाही, तरी माझं हे खातं अनिवासी, म्हणजे एनआरओ करून द्यावं. सोबत पासपोर्ट, तिथला राहण्याचा परवाना, तिथला पत्ता, सगळ्याच्या प्रती भारतीय दूतावासातून साक्षांकित करून आणलेल्या. पॅन कार्ड, फोटो, कराचं घोषणापत्र, बँकेचा फॉर्म नीट भरलेला. एवढे चोख कागद मी फार थोड्या वेळा बघितलेत. बाहेर गेलेली अर्धी मंडळी वर्षानुवर्षं कळवतच नाहीत, जुन्या खात्यावरच चालवतात, आणि मग एक दिवस त्यांची आणि बँकेची, दोघांचीही पंचाईत होते. या मुलानं नियम पाळला. यात त्याचं काय चुकलं? काही नाही. हेच तर दुखणं आहे.

फॉर्मवर फक्त एक सही राहिली होती. दुसऱ्या खातेदाराची.

मी आबांना फोन केला. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. मुलाचं परदेशातून पत्र आलंय म्हटल्यावर त्यांना वाटलं कसला तरी मान असणार.

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि कानाशी तोंड नेऊन सावकाश सांगितलं. "काका, नीट ऐका. आत्ता हे खातं दोघांपैकी कुणीही चालवू शकतं. सही केलीत की हे परदेशी राहणाऱ्याचं खातं होणार. मग ते चालवणार फक्त पहिला. तुम्ही इथले रहिवासी, म्हणून तुमचं नाव राहील, पण नुसतं राहील. पैसे काढता येणार नाहीत. कार्ड बंद होईल."

"पोराचं नाव पयलंच ऱ्हातंय न्हवं?"

"राहतंय."

"मग झालं की!"

"अहो काय झालं? पैसे तुमचे आहेत त्यात! तुमच्या फंडाचे. हे बघा, ठेवीची मुदत संपून सगळी रक्कम खात्यातच पडलीय. आज तुमच्या एकट्याच्या सहीनं निघते. आपण नवीन खातं काढू. पहिलं तुमचं नाव, दुसरं मुलाचं. मुलगा परदेशी असला तरी बापाच्या खात्यात दुसरं नाव चालतं, नियमात बसतं. पैसे त्यात घेऊ, आणि मग याच्यावर खुशाल सही करा."

आबांचा चेहरा बदलला. मी जणू घरात विस्तव टाकला होता. "म्हंजे पोरगं तिकडं गेलं म्हनून बापानं हिकडं पैसं काडून घ्यायचं? त्येला कळलं तर काय म्हनंल? बा माज्यावर इस्वास ठेवत न्हाय म्हनंल. न्हाय मॅडम. आमच्यात बापलेकात वाटनी न्हाय."

"वाटणी कुठं म्हणतेय मी?"

"मला पैसं लागलं तर पोरगं पाठवंल की. लागंल तितं सही करून देईल. तुमी पेन द्या."

मी पेन दिलं नाही. त्यांनी शेजारच्या काउंटरवरचं, दोरी बांधलेलं घेतलं. सही केली. त्यांची सही सावकाश होते, एकेक अक्षर साच्यात ओतल्यासारखं. सही झाल्यावर त्यांनी ती लांब धरून बघितली आणि मान डोलावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण सही त्यांची, मर्जी त्यांची. नियमानं माझं काम मी केलं. खातं एनआरओ झालं.

पुढच्याच आठवड्यात ते एटीएमचं कार्ड हातात धरून आले. "ह्ये मशीन कार्ड भायेर थुकतंय!"

मी कपाळावर हात मारला. सांगितलं होतं ना काका! मग मी त्यांना मँडेटचा फॉर्म काढून दिला. मँडेट म्हणजे खातेदारानं लिहून द्यायचं, की माझ्या वतीनं या माणसानं खात्यातून इथला घरखर्च, बिलं भागवावीत. मुलाची एक सही लागते, तुमची एक. "सही करून हा मुलाला पाठवा. तो कुरियरनं परत पाठवील."

"पाठवंल की!"

त्यांनी तो कुरियरनं पाठवला. मीही शाखेच्या ईमेलवरून प्रसेनजीतला कळवलं. उत्तर आलं, बघतो. महिना गेला, दुसरा गेला. आबा दर पेन्शनला विचारायचे, "आलं का पोराचं पाकीट?" मी मान हलवायची. ते लगेच मुलाची बाजू घ्यायचे. त्याला लई काम असतंय. तिकडं बरफ पडतंय. पोस्ट हापिस लांब असंल. अहो, ते पहिलं पत्र दूतावासाचे शिक्के घेऊन आलं होतं, तेव्हा बर्फ नव्हता वाटतं! हे मी मनात म्हणायची. एकदा तोंडावर म्हटलं, तर दोन पेन्शनी ते माझ्या काउंटरवर आलेच नाहीत, शेजारी स्नेहलकडं गेले.

पुढं साक्षी माहेरी परत आली, तिथून गोष्टीला खरा कढ आला.

साक्षीला मी लग्नाआधीपासून ओळखते. तिचं बचत गटाचं खातं आमच्याकडं होतं. शिवणकाम असं, की बावड्यातल्या बायका ब्लाऊजसाठी तिच्याकडं नंबर लावायच्या. नवऱ्यानं मारून घराबाहेर काढली तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नव्हती. त्यावर ती एकच बोलली, "उजवा हात आहे अजून मॅडम." घराच्या पुढच्या पडवीत तिनं मशीन टाकलं. पण पडवीत पाऊस येतो, उंदीर कापड खातात, आणि शेजारपाजारचे येता जाता विचारतात, नवऱ्याकडं कधी जाणार?

बावड्याच्या मुख्य रस्त्यावर जोतीराम म्हणून एकाचा छोटा गाळा विकायला होता. आबांनी तो बघितला आणि मनावर घेतलं. पेन्शनच्या खात्यात साठवलेलं होतं नव्हतं ते काढून जोतीरामला विसार दिला. साठेखत झालं. दिवाळीच्या आत उरलेली रक्कम द्यायची, नाहीतर विसार बुडाला आणि गाळा मोकळा. बाकीचे पैसे बँकेत आहेतच की! ते खातं, तेच.

"काका, आता मँडेटची वाट बघत बसू नका," मी म्हटलं. "तसंही लेकीला गाळा घेऊन देणं मँडेटच्या सहीत बसणार नाही. ते त्यानं स्वतःच करायला पाहिजे. सोपं आहे. तो तिथं बसून मोबाईलवरून तुमच्या पेन्शनच्या खात्यात पैसे पाठवू शकतो. मुलानं बापाला इथल्या इथं रुपये द्यायला काही आडकाठी नाही. चहा प्यायला लागतो त्याहून कमी वेळ लागतो."

"मग लावतो की फोन! आत्ताच लावतो. तुमी बी सांगा त्येला, त्येला कायद्यातलं कळतंय."

आणि तिथंच, माझ्या टेबलासमोर बसून त्यांनी फोन लावला. कानानं ऐकू येत नाही म्हणून फोनचा आवाज मोठा, स्पीकर चालू. साक्षी मागं उभी होती. रांगेत पाच-सहा माणसं. मी खुणेनं म्हटलं, केबिनमध्ये चला. पण आबांना कशाची लाज? मुलाचा परदेशातला आवाज चारचौघांनी ऐकावा हीच तर त्यांची हौस होती.

"प्रसेन! आबा बोलतोय! बँकेत हाय!"

"आबा, मीटिंगमध्ये आहे. बोला पटकन."

आबांनी गाळ्याचं सांगितलं. सांगताना आवाज आणखी चढला, कारण आनंदाची गोष्ट होती. किती बाय किती, रस्त्याला तोंड, शटर नवं. मग मुलगा म्हणाला, "आबा, गाळा कशाला?"

"साक्षीला रे! दुकान घालंल."

"दुकान घालून दिलं की ती परत नांदायला जाणारच नाही. तुम्हीच तिला बसायला जागा करून देताय. मी भाऊजींशी बोललोय, तो माणूस एवढा काही वाईट नाही."

मी साक्षीकडं बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही.

"आनि एक बघ," आबा म्हणाले. त्यांना अर्धंच ऐकू आलं असावं, किंवा त्यांनी अर्धंच ऐकून घेतलं. "मॅडम म्हनत्यात मोबाईलवरनं हुतंय. दिवाळीच्या आत कर म्हंजे झालं."

"आबा, ते खातं आता माझ्या नावावर अनिवासी आहे. व्याजाचा कर माझ्या नावावर कापतात. एवढी रक्कम हलवली तर दोन्हीकडं मला उत्तरं द्यावी लागतात. माझा इथला टॅक्सवाला सांगेल तसं करू. घाई करू नका."

"प्रसेनजीत, मी शाखेतून रूपाली बोलतेय," मी मध्येच तोंड घातलं. राहवेना. "तुमचा टॅक्सवाला काही म्हणू दे, वडिलांना पैसे पाठवायला इथं कुठलाही कायदा आडवा येत नाही. आणि ते पैसे फंडाचे आहेत, तुमच्या वडिलांचे."

"मॅडम, हा आमच्या घरातला विषय आहे," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही बँकेपुरतं बघा." आणि फोन बंद झाला.

आबांनी फोन खिशात ठेवला. रांगेकडं वळून म्हणाले, "मीटिंगमदी हाय त्यो. मोठा सायेब हाय तितं."

कुणी हसलं नाही. तेव्हा साक्षी बोलली. ती बापाच्या कानाशी वाकली नाही, साध्या आवाजातच बोलली, त्यामुळं आबांना किती ऐकू आलं देव जाणे. "आबा, मी तिथं मार खाऊन मेले असते ना, तरी माझ्या मयताच्या पत्रिकेवर पहिलं नाव त्याचंच घातलं असतं तुम्ही." आणि ती निघून गेली.

दिवाळी आली. पैसे आले नाहीत. जोतीराम दोन वेळा घरी येऊन गेला, तिसऱ्यांदा आला नाही. गाळ्यात आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. बँकेत येताना रोज मला ते दिसतं आणि रोज माझं तोंड कडू होतं. साक्षी पडवीत शिवते. नवऱ्याकडची माणसं एकदा न्यायला आली होती, भावानंच पाठवलेली. तिनं कात्री दाखवून घालवली म्हणे.

मी आबांना म्हटलं, वकील बघा. फंडाची रक्कम तुमच्या नावानं आली, तिथून या खात्यात गेली, सगळं रेकॉर्डला आहे. पैसा तुमचा होता हे दाखवता येईल.

"पोरावर केस घालू? लोक काय म्हनतील, शिंग्याचं पोरगं चोर हाय?"

"मग बसा!" मी ओरडले. खरंच ओरडले. स्नेहलनं माझा हात धरला.

तरी ते पुन्हा आले. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. यावेळी त्यांनी मला गाठलं नाही, सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मीही मागून गेले, म्हटलं हा माणूस काय बोलतोय कुणास ठाऊक. ते विश्वजित सरांना एवढंच विचारत होते, की त्या खात्यावर माजं नाव हाय, तर ते कशापायी हाय? मला काडता येत न्हाय, ठेवता येत न्हाय, मग त्येचा उपेग काय?

सर भले माणूस. त्यांना म्हाताऱ्याला धीर द्यायचा होता. म्हणाले, "काका, काळजी करू नका. तुमचं नाव आहे याला अर्थ आहे. पहिला खातेदार असेपर्यंत खातं त्याचं. त्याच्या पश्चात सगळी रक्कम आपोआप तुम्हाला. कुणी अडवू शकत नाही. कोर्टकचेरी काही नाही."

"व्हय? कदी मिळंल?"

आपण काय बोलून बसलो ते सरांच्या लक्षात आलं. माझ्याकडं बघायला लागले. मी तरी काय सांगू? पण आबा माझ्याकडं वळले होते, हात कानामागं धरून. सांगावं लागलं.

"काका, मुलगा गेला तर. म्हणजे... वारला तर."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या माणसाचा आवाज खाली आलेला ऐकला. "म्हंजे माजं पोरगं मेलं, तर मला पैसं?"

त्यांनी सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आनि माजं नाव तितं हाय, म्हंजे मी ह्येचीच वाट बगत बसलोय वहीत?"

"तसं नाही काका, तो नुसता नियम आहे, सगळ्यांच्याच..."

"काडा माजं नाव." ते उठले. "आत्ताच्या आत्ता काडा. असलं पैसं मला नगोत. माज्या लेकराच्या मरनावर माजं नाव लिवल्यालं नगो."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, समजावलं. नाव काढलंत की शेवटचा धागा तुटला. मग कोर्टातसुद्धा अवघड होईल. ते ऐकेनात. कुणाचं ऐकलंय त्यांनी आजवर? फॉर्म द्या म्हणाले. मी हात मागं घेतला, तर सरांनी दिला, द्यावाच लागतो. आबांनी सही केली. तीच ती सावकाश सही. यावेळी लांब धरून बघितली नाही.

"पण नुसत्या तुमच्या सहीनं होत नाही," मी म्हटलं. मला थोडी आशा वाटली. "पहिल्या खातेदाराची सही पण लागते."

"पाठवा त्येच्याकडं. करंल की त्यो."

तेवढ्यावर मला बरं वाटलं, खोटं का बोलू. मँडेटची सही अजून यायची होती. म्हटलं, हाही कागद तिकडं बर्फात पडेल, आणि तोवर म्हाताऱ्याचा राग शांत होईल. फॉर्म स्कॅन करून ईमेलवर पाठवला आणि मूळ कागदावर सही करून कुरियरनं पाठवा असं लिहिलं.

त्याच आठवड्याच्या शेवटी पाकीट आलं.

महागाचं कुरियर, जिथं जिथं थांबलं तिथली नोंद असलेलं. आत फॉर्म, निळ्या शाईत ठसठशीत सही. सोबत पत्र, शाखा व्यवस्थापकांना. दुसऱ्या खातेदाराच्या विनंतीस माझी पूर्ण संमती आहे, तरी कृपया शक्य तितक्या लवकर कार्यवाही करावी. खाली आभार. मी पाकीट उलटं करून झटकलं. मँडेट नव्हतं. बापाला दोन ओळींची चिठ्ठी नव्हती.

आबांना कळवणं भाग होतं. ते आले, दारात नेहमीसारखे ओरडले नाहीत. चालत माझ्यापर्यंत आले. मी फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी सहीवर बोट ठेवलं. प्रसेनजीत आबा शिंगे. बोट अक्षरावरून सरकवत शेवटपर्यंत नेलं. मग रांगेकडं वळले, आणि तो जुना आवाज पुन्हा शाखेत घुमला.

"मी म्हनत न्हवतो मॅडम? पोरगं सही पाठवंल म्हनून? पाठवली का न्हाय!"

मी संगणकावर नाव कमी केलं. विश्वजित सरांनी त्यांच्या लॉगिनमधून मंजुरी दिली. आबा पेन्शनचं पासबुक भरून घेण्यासाठी रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले.